कट्यार व वाघनख

मुठीत धरायची आखूड शस्त्रे. कट्यारीच्या दोन समांतर पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांवर मूठ आवळली की पाते हाताच्या सरळ रेषेत येते. त्यामुळे ठोशासारखा खांद्याचा सगळा जोर थेट टोकावर उतरतो. भोसकायला ती उत्तम, छाटायला कमकुवत. आखूड असल्याने शेल्यात खोचता येई.

लपवण्यात मात्र वाघनख सरस. त्याची पट्टी तळहातात बसते, टोकांच्या अंगठ्या तर्जनी व करंगळीत जातात. मूठ मिटली की नखे झाकली जातात आणि दिसतात फक्त दोन अंगठ्या. इथे जोर ओढण्याचा, जखम ओरबाडल्याची. प्रतापगडाच्या पायथ्याशी (१० नोव्हेंबर १६५९) शिवाजी महाराजांनी अफजलखानावर ते चालवल्याची परंपरा आहे. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात प्रदर्शनासाठी आलेले वाघनख तेच, हे मात्र सिद्ध झालेले नाही.