प्राझोसिनची गतिकी : विंचूदंशाच्या उदाहरणावरून

औषधगतिकी म्हणजे शरीर औषधाचे काय करते, याचे कालसापेक्ष शास्त्र. तिच्या अवस्था चार : शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन. शेवटच्या दोन मिळून निर्मूलन होते. विवेचनासाठी प्राझोसिन घेऊ. लाल विंचवाच्या दंशावर त्याचा उपयोग महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केला.

प्राझोसिन तोंडाने दिल्यावर मात्रेचा सुमारे ६० टक्के अंश रक्ताभिसरणात पोहोचतो. ही त्याची जैवउपलब्धता (F). रक्तातील सुमारे ९५ टक्के औषध प्रथिनांना बद्ध राहते. त्याचे चयापचय यकृतात होते आणि उत्सर्जन मुख्यतः पित्तावाटे. अविकृत रूपात मूत्रात अत्यल्प अंशच उतरतो.

आता दोन मूलभूत राशी. वितरण-घनफळ (V) म्हणजे शरीरातील एकूण औषध आणि रक्तातील सांद्रता यांचे गुणोत्तर. ते काल्पनिक आहे. शरीरात तेवढ्या मापाचे पात्र शोधू नये. क्लिअरन्स (CL) म्हणजे एकक काळात औषधमुक्त होणाऱ्या रक्ताचे घनफळ. या दोन राशी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. अर्धायुकाल त्यांच्यापासून निष्पन्न होतो :

k = CL / V
t½ = 0.693 × V / CL

विद्यार्थी अर्धायुकालालाच मूळ मानतात, तेथे घोटाळा होतो. अर्धायुकाल वाढला एवढ्यावरून यकृत मंदावले असे ठरत नाही. V वाढूनही तो वाढतो.

२० किलो वजनाचे बालक घ्या. प्रौढांतील सरासरीनुसार V किलोमागे ०.६ लिटर, म्हणजे १२ लिटर. CL किलोमागे मिनिटाला ३ मिलिलिटर, म्हणजे तासाला ३.६ लिटर. यावरून k तासाला ०.३ आणि अर्धायुकाल सुमारे २.३ तास येतो. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम. पैकी ३६० रक्तात. शोषण तत्काळ मानल्यास सांद्रता लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम. तीन तासांनी तिचा ०.४१ भाग, म्हणजे सुमारे १२ उरतो. तेव्हा दिलेली दुसरी मात्रा ती ४२ वर नेते. दर तीन तासांनी मात्रा देण्याचा प्रघात या गणिताशी सुसंगत आहे.

मर्यादा मात्र दोन आहेत. पहिली, शोषण तत्काळ नसते. शिखर एक ते तीन तासांनी येते, म्हणून प्रत्यक्ष शिखर ३० पेक्षा खाली राहते. उलटी झाल्यास F चा भरवसाच उरत नाही. दुसरी, हृदय निकामी होऊ लागले की क्लिअरन्स घटतो. तो निम्मा झाला तर अर्धायुकाल ४.६ तास होतो आणि तीन तासांनी १२ ऐवजी सुमारे १९ उरतात. म्हणून पुढची मात्रा केवळ घड्याळावर देत नाहीत. हातपाय गरम आणि कोरडे झाले का, हे पाहतात; रक्तदाब मोजतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, यासाठी रुग्णाला आडवेच ठेवतात.