मोटारीतील पडदा : तेजस्विता व दिवस-रात्र रंगयोजना

मोटारीच्या डॅशबोर्डवरील नकाशा व संगीताच्या पडद्याची तेजस्विता आणि पार्श्वरंग बाहेरच्या उजेडानुसार जुळविण्याची व्यवस्था.

मूळ : वेगमापकाच्या दिव्यांचा उजेड कमी करणारी चकती जुन्या मोटारींतही असे. १९९० च्या दशकात स्वीडनच्या साब कंपनीने रात्री वेगमापकाखेरीज बहुतेक दिवे विझविणारे बटण दिले.

स्वरूप : अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील दंडपेशींचे रंगद्रव्य तीव्र उजेडाने विघटित होते, ते पूर्ववत होण्यास सुमारे अर्धा तास लागतो (पहा : दृष्टिपटल). म्हणून रात्री पडदा गडद रंगांचा व मंद ठेवतात. रंगयोजना व तेजस्विता या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. एलसीडी पडद्यात काळ्या रंगामागेही दिवा जळत असतो, म्हणून केवळ गडद नकाशा पुरत नाही. पडदा रस्त्यापेक्षा उजळ वाटला किंवा त्याचे प्रतिबिंब काचेत दिसले, तर तेजस्विता आणखी उतरवावी लागते. हे गाडी उभी असताना, अंधारात करतात.

बदल प्रकाशसंवेदकाने किंवा हेडलाइटच्या जोडणीने होतो. दुसऱ्या प्रकारात भर पावसात दिवसा दिवे लावले की पडदाही मंदावतो व नकाशा वाचता येत नाही. बाजारातून बसविलेल्या पडद्याची इल्युमिनेशन वायर पार्किंग दिव्याला जोडलेली नसल्यास तो रात्रीही दिवसाच्याच रंगात राहतो. दिवे लावून-विझवून पाहिल्यास हा दोष लगेच कळतो.

महत्त्व : मंद पडद्यामुळे दिव्यांच्या झोताबाहेरचा पादचारी दिसण्याची शक्यता वाढते, समोरच्या वाहनाच्या प्रखर झोतावर मात्र हा उपाय नव्हे (पहा : हेडलाइट).