जॅक-२ निगेटिव्ह : कॅलरेटिक्युलिनची कुळकथा

१९७४ साली टोरोंटो विद्यापीठात दोन कामे प्रसिद्ध झाली आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. ऑस्टवाल्ड आणि मॅक्लेनन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी सशाच्या स्नायूतून कॅल्शियम घट्ट धरून ठेवणारे एक प्रथिन वेगळे केले. त्याच विद्यापीठात प्रचाल आणि अ‍ॅक्सलरॅड यांनी पॉलिसायथेमिया व्हेरा झालेल्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बशीत वाढवल्या. लाल पेशी वाढायला एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक लागते. या पेशी मात्र ते न घालताही वाढत होत्या. सशाच्या स्नायूतले ते प्रथिन पुढे कॅलरेटिक्युलिन म्हणून ओळखले जाऊ लागले. कुणी हुकूम दिलेला नसताना रक्तपेशी का वाढतात, या प्रश्नाच्या उत्तरात त्याचा वाटा आहे हे कळायला एकोणचाळीस वर्षे गेली.

प्रश्न त्याहूनही जुना होता. १९५१ मध्ये विल्यम डॅमेशेक यांनी ‘ब्लड’ या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहून काही आजारांना एका घरात बसवले. लाल पेशी वाढतात ती पॉलिसायथेमिया व्हेरा, प्लेटलेट वाढतात ती इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मज्जेत तंतूंचे जाळे साचत जाते ते मायलोफायब्रोसिस. हे सगळे एकाच बिघाडाचे वेगवेगळे चेहरे असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. हाती पुरावा नव्हता, तरी तर्क किती सरळ आणि धाडसी होता, हे आज वाचताना जाणवते.

पुरावा २००५ मध्ये आला, तोही चार प्रयोगशाळांतून जवळजवळ एकाच वेळी. पॅरिसचे व्हेन्शेंकर, बाझेलचे स्कोडा, केंब्रिजचे ग्रीन आणि बोस्टनचे गिलिलँड यांच्या गटांना जॅक-२ या जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला. त्या बदलामुळे प्रथिनातल्या ६१७व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलनिन येते. जॅक-२ पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना आतल्या बाजूने चिकटलेले असते. संप्रेरक बाहेरून ग्राहीला लागले की ते जागे होते आणि ‘वाढा’ हा निरोप केंद्रकापर्यंत पोचवते. बदललेले जॅक-२ संप्रेरक नसतानाही जागेच राहते. प्रचाल आणि अ‍ॅक्सलरॅड यांच्या बशीतले कोडे असे सुटले.

पण सगळे नाही. पॉलिसायथेमियाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत हा बदल सापडत होता, थ्रॉम्बोसायथेमिया आणि मायलोफायब्रोसिसमध्ये मात्र साधारण निम्म्यांतच. २००६ मध्ये प्लेटलेट वाढवणाऱ्या थ्रॉम्बोपोएटिनच्या ग्राहीत, म्हणजे एमपीएल या जनुकात, ५१५व्या जागेवरचे बदल सापडले. त्यांनी शंभरात मोजक्याच रुग्णांचा उलगडा केला. उरलेल्यांच्या हाती ‘जॅक-२ आढळले नाही’ असा कागद पडे, आणि आजार खरा की प्लेटलेट दुसऱ्याच कशाने वाढल्या, हा घोळ सुरू होई.

त्यात आणखी एक विसंगती होती. २०११ मध्ये रक्सोलिटिनिब हे जॅक रोखणारे औषध मायलोफायब्रोसिससाठी अमेरिकेत मंजूर झाले. ज्यांचे जॅक-२ ठणठणीत होते, त्यांचीही प्लीहा त्या औषधाने लहान होत होती. जॅकमध्ये दोष नाही, तरी जॅक दाबल्यावर गुण येतो. याचा अर्थ जॅकला कुणीतरी दुसरेच जागे ठेवत होते.

तो दुसरा १० डिसेंबर २०१३ रोजी उघड झाला, जेव्हा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने दोन निबंध एकत्र प्रसिद्ध केले. एक केंब्रिजच्या ग्रीन यांच्या गटाचा होता. दुसरा व्हिएन्नाच्या रॉबर्ट क्रालोविक्स यांचा. स्कोडा यांच्या २००५च्या निबंधाचे पहिले लेखक तेच होते. व्हिएन्नाच्या गटाने ज्यांच्यात जॅक-२ही नाही आणि एमपीएलही नाही असे मायलोफायब्रोसिसचे सहा रुग्ण निवडले आणि त्यांच्या जनुकांचा प्रथिने घडवणारा सगळा भाग वाचून काढला. सहाही जणांच्या कॅलरेटिक्युलिनच्या जनुकात बदल होता. मग त्यांनी मोठा नमुना तपासला. जॅक-२ आणि एमपीएल दोन्ही नसलेल्यांपैकी थ्रॉम्बोसायथेमियाच्या ६७ टक्के आणि मायलोफायब्रोसिसच्या ८८ टक्के रुग्णांत कॅलरेटिक्युलिन बदललेले निघाले. पॉलिसायथेमियात एकाही रुग्णात नाही.

कॅलरेटिक्युलिनवर कुणाचा संशय जाण्याचे कारणच नव्हते. पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिकेत राहायचे, नव्या प्रथिनांना नीट घडी पडते की नाही ते पाहायचे आणि कॅल्शियम सांभाळायचे, एवढेच त्याचे काम. शिवाय हे बदल जनुकाच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या, भागात होतात. तिथे तीच ती अक्षरे पुन्हापुन्हा येतात. अशा ठिकाणी बावन्न अक्षरे गळाली, तर छोटे छोटे तुकडे जुळवून वाचणाऱ्या यंत्राला आणि संगणकाला ती फट सहज चुकते.

या बदलांत एक गणित दडले आहे, आणि मला या सगळ्या कथेत तेच सर्वांत सुंदर वाटते. व्हिएन्नाच्या गटाला छत्तीस प्रकारचे बदल सापडले, पण त्यांतले बहुतेक दोन प्रकारांत मोडतात. पहिल्या प्रकारात ५२ अक्षरे गळतात. दुसऱ्यात ५ अक्षरे शिरतात. एकीकडे एवढी मोठी काटछाट, दुसरीकडे एवढीशी भर, आणि आजार मात्र एकच. असे कसे होते?

पेशी जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचते. ‘कमळ फणस बदक मगर’ हे चार शब्द घ्या आणि गट तीनचेच ठेवा. पहिला ‘क’ काढला, तर वाचन होते ‘मळफ णसब दकम’. आता ‘क’ तसाच ठेवून त्याच्या आधी दोन अक्षरे घुसवा, समजा ‘र’ आणि ‘व’. वाचन होते ‘रवक मळफ णसब दकम’. एक अक्षर काढले काय किंवा दोन घातली काय, पुढचे चुकीचे वाचन तेच राहते. ५२ म्हणजे तीनच्या पटीतले ५१ आणि वर एक, म्हणून ५२ गळणे हे एक गळण्यासारखेच. ५ म्हणजे तीन आणि वर दोन, म्हणून ५ शिरणे हे दोन शिरण्यासारखेच. छत्तीसच्या छत्तीस बदल वाचनाला त्याच एका चुकीच्या रुळावर नेतात. वाचन तिसऱ्या रुळावर नेणारा बदल या रुग्णांत सापडत नाही, कारण त्याने आजार होत नाही. आजार करते ती त्या ठरावीक रुळावरून तयार होणारी नवी शेपटी.

मूळ कॅलरेटिक्युलिनच्या शेपटीवर ऋण भार असतो, त्यामुळे तिथे कॅल्शियम बसते. तिच्या टोकाला चार अमिनो आम्लांची एक खूण असते आणि ती प्रथिनाला जालिकेतच थांबवून ठेवते. नव्या शेपटीवर धन भार असतो आणि ती खूण नसते. २०१६ मध्ये ब्रुसेल्स, बोस्टन, टोकियो आणि पॅरिसच्या परिसरातल्या गटांनी पुढची कडी दाखवली. बदललेले कॅलरेटिक्युलिन जालिकेतच थ्रॉम्बोपोएटिनच्या ग्राहीला धरते. त्या ग्राहीवर लागलेल्या साखरेच्या साखळीवर त्याची पकड बसते. मग त्या ग्राहीसोबतच ते पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि थ्रॉम्बोपोएटिन नसतानाही ग्राहीला चालू ठेवते. ग्राहीच्या आत जॅक-२ असतेच. ते निर्दोष असते, पण सतत जागे ठेवले जाते. रक्सोलिटिनिबचे कोडे इथे सुटले. पॉलिसायथेमियात हे बदल का दिसत नाहीत, तेही कळले: एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीवर या शेपटीचा तसा परिणाम होत नाही.

हेच गणित तपासणीच्या टेबलावर वापरले जाते. नवव्या भागाचा तुकडा चमकणारे प्रायमर लावून पीसीआरने वाढवतात आणि बारीक नळीतून विजेच्या दाबाने पळवून त्याची लांबी मोजतात. निरोगी माणसात एकच शिखर दिसते. पहिल्या प्रकारात ५२ अक्षरांनी आखूड असे दुसरे शिखर उमटते, दुसऱ्या प्रकारात ५ अक्षरांनी लांब. हे स्वस्त आहे, जलद आहे आणि यंत्राला चुकवणारी मोठी फट यात लपत नाही. फसगत होते ती ३, ६ किंवा ९ अक्षरांच्या फरकाने. तीनच्या पटीत अक्षरे गेली तर वाचन रुळावरच राहते, नवी शेपटी बनत नाही, आणि असे काही फरक जन्मजात आणि निरुपद्रवी असतात. शिखरे दोन दिसतात म्हणून घाईने ‘पॉझिटिव्ह’ लिहू नये. आधी अक्षरे मोजावीत, शंका आली तर अनुक्रम वाचून घ्यावा.

एक उदाहरण घेऊ. शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंच्या नेहमीच्या रक्ततपासणीत प्लेटलेट ९ लाख २० हजार निघाल्या. निदानाची मर्यादा साडेचार लाखांची, आणि महिनाभराने आकडा तसाच. पण आपल्याकडे प्लेटलेट वाढण्याचे अगदी नेहमीचे कारण लोहाची कमतरता असते. क्षय आणि इतर दीर्घ संसर्ग, सांध्यांचा दाह, काढलेली प्लीहा हीही कारणे आहेत. म्हणून फेरिटिन आणि सीआरपी आधी. दोन्ही ठीक निघाल्यावर जॅक-२ ची चाचणी होते, ती निगेटिव्ह येते. बीसीआर-एबीएलही निगेटिव्ह, म्हणजे सीएमएल नाही. इथेच थांबून ‘काही नाही’ म्हणणे चूक ठरेल. कॅलरेटिक्युलिनच्या तपासणीत पाच अक्षरांनी लांब असे दुसरे शिखर दिसते, म्हणजे दुसरा प्रकार. मज्जेच्या तपासणीत मोठमोठ्या मेगॅकॅरिओसाइट आहेत आणि तंतू वाढलेले नाहीत. इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियाचे निदान पक्के होते.

नाव कळल्याने उपचारही बदलतो. कॅलरेटिक्युलिनच्या रुग्णांत प्लेटलेट बऱ्याचदा जास्त असतात, तरी गुठळीचा धोका जॅक-२ वाल्यांपेक्षा कमी असतो. वय साठच्या आत, पूर्वी गुठळी नाही आणि जॅक-२ निगेटिव्ह, त्यामुळे या बाई धोक्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसतात. इथे अ‍ॅस्पिरिन सवयीने लिहून देऊ नये. अशा रुग्णांच्या एका पाहणीत अ‍ॅस्पिरिनने गुठळ्या कमी झाल्याचे दिसले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. प्लेटलेट दहा लाखांपलीकडे गेल्या, तर व्हॉन विलेब्रँड घटक त्यांच्यात अडकून कमी पडू शकतो, आणि रक्तस्रावाचे भय आणखी वाढते. त्यांना सध्या नियमित तपासणी पुरेशी ठरू शकते. हा बदल मज्जेतल्या पेशीत आयुष्यात केव्हातरी झालेला असतो, मुलांकडे जात नाही. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, कारण घरी गेल्यावर पहिला प्रश्न तोच पडतो.

जॅक-२ बरोबर कॅलरेटिक्युलिन आणि एमपीएलही नसले तर? थ्रॉम्बोसायथेमिया आणि मायलोफायब्रोसिसच्या साधारण दहातल्या एका रुग्णाचे असे होते. त्यातल्या काहींत जॅक-२ किंवा एमपीएलमध्येच नेहमीच्या चाचणीत न येणाऱ्या जागी बदल सापडतात, कधी जन्मजातही, म्हणून दोन्ही जनुके पूर्ण वाचावी लागतात. काहींत मुळात आजारच नसतो. फेरिटिन, औषधे, प्लीहा हे सगळे पुन्हा तपासायचे असते. तीनही नसलेला मायलोफायब्रोसिस मात्र अधिक गंभीर वागतो. तिथे मज्जारोपणाचा विचार उशिरा करून चालत नाही.

ती नवी शेपटी निरोगी पेशीवर कुठेही नसते, आजारी पेशीवर मात्र पृष्ठभागावर उघडी असते. म्हणून फक्त तिलाच चिकटणारे प्रतिपिंड तयार केले गेले, आणि आता त्यांच्या रुग्णांवरच्या चाचण्या चालू आहेत.