ईमेल वार्तापत्र : नोंदणीची जागा व मोफत डाउनलोड

व्यवसायाच्या संकेतस्थळावर आलेल्या वाचकाचा ईमेल पत्ता त्याच्या संमतीने घेऊन त्याला वार्तापत्र पाठवण्याची पद्धत. पत्ता मिळावा म्हणून बहुधा एखादी उपयोगी पीडीएफ मोफत दिली जाते. मराठीत ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठानाने मोफत ई-पुस्तके ईमेलने पाठवून वाचक जोडले. दुकानदाराला एवढी मोठी भेट लागत नाही. नेमक्या गरजेचे एक पान पुरते.

बीड जिल्ह्यातील दिंद्रुड येथे एखाद्या कृषी सेवा केंद्राचे संकेतस्थळ आहे, असे समजू. पेरणीच्या तोंडावर शेतकरी तेथे येतो तो घरचे सोयाबीन बियाणे म्हणून चालेल का, हे पाहायला. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण मोजण्याची कृती लेखात दिलेली आहे. उगवण 70 टक्के असेल तर एकरी 30 किलो बियाणे धरतात. 60 टक्केच निघाली तर त्याच हिशेबाने 35 किलो लागते. हा हिशेब जेथे येतो, तीच नोंदणीची खरी जागा. तेथे ‘उगवणीनुसार बियाण्याचा तक्ता ईमेलवर मागवा’ एवढी ओळ, पत्त्याचा एक रकाना आणि बटण असावे. ‘आमचे वार्तापत्र घ्या’ असे पानाच्या तळाशी लिहिलेले असते, तिथवर फार थोडे वाचक पोचतात. मोबाइल नंबर, गाव, तालुकाही विचारला की निम्म्यातून परतणारे वाढतात.

पान उघडताच अंगावर येणारी चौकट टाळावी. गूगलने 10 जानेवारी 2017 पासून, शोधातून मोबाइलवर येणाऱ्यापासून मजकूर झाकणारी पाने क्रमवारीत खाली जाऊ शकतात, असे धोरण लागू केले.

तक्ता पानावरच उघडू न देता त्याचा दुवा ईमेलने पाठवावा. चुकीचे वा खोटे पत्ते तेथेच गळतात. मात्र पत्र स्पॅममध्ये गेले तर खरा माणूसही हातचा जातो, म्हणून नोंदणीनंतरच्या पानावर पत्र कोणत्या नावाने येईल ते सांगावे.

भेट चुकली हे पहिल्या दोन-तीन पत्रांतच कळते. मोबाइलची सोडत ठेवली तर यादी झपाट्याने फुगते, पण त्यात सोयाबीनवाले थोडेच. पत्रे न उघडता पडून राहतात, काही जण ती स्पॅम ठरवतात. रोज 5,000 हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून स्पॅम-तक्रारी 0.3 टक्क्यांखाली ठेवण्याची अट घातली. केंद्राची यादी तेवढी मोठी नसली तरी तक्रारी वाढल्या की त्याचीही पत्रे स्पॅममध्ये पडू लागतात.

तक्ता मागितला म्हणजे खताच्या जाहिरातींना होकार दिला, असे होत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती विशिष्ट हेतूसाठी आणि विनाअट असावी लागते. त्यामुळे वार्तापत्रासाठी वेगळी चौकट द्यावी, आणि तिच्यात आधीपासून खूण केलेली नसावी.