केप्लरचे समीकरण आणि पहिला अंदाज

ग्रह लंबवर्तुळात फिरतो, हे योहानेस केप्लरने १६०९ मध्ये जाहीर केले. पण त्याबरोबर एक अवघड गणित खगोलशास्त्रज्ञांच्या गळ्यात पडले. काळ ठाऊक असता ग्रह कुठे आहे, हे काढण्यासाठी M = E − e sin E हे समीकरण सोडवावे लागते. येथे M हा काळाच्या प्रमाणात वाढणारा मध्यम कोन, e ही कक्षेची विमध्यता, म्हणजे तिचा लांबटपणा, आणि E हा हवा असलेला कोन. E हा स्वतःही आहे आणि ज्येच्या पोटातही आहे. म्हणून तो सरळ वेगळा काढता येत नाही. अंदाज करून तो सुधारत जाणे, हाच मार्ग केप्लरनेही धरला.

न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त सुधारणेचा जो नियम दिला, तो आजच्या भाषेत स्पर्शिकेचा नियम ठरतो. अंदाज समीकरणात घालून उरणारी चूक (E − e sin E − M) काढावी, तिला वक्राच्या उताराने, म्हणजे (1 − e cos E) ने भागावे आणि येणारा आकडा अंदाजातून वजा करावा.

हॅलेचा धूमकेतू घेऊ. त्याची विमध्यता ०.९६७ आहे. ९ फेब्रुवारी १९८६ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. त्यानंतर सुमारे २.४ वर्षांनी M = ०.२ रेडियन होतो. E हा M एवढाच धरला, तर तेथे उतार अवघा ०.०५२ असतो. जवळजवळ आडवी अशी ती स्पर्शिका अंदाजाला ३.८७ वर, म्हणजे २२२ अंशांवर भिरकावते. खरे उत्तर आहे ५९ अंश! येथे पुढे गाडी रुळावर येते. पण e एकाच्या अधिक जवळ असेल, तर ती बराच काळ भरकटू शकते.

उपाय फूर्यच्या १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील विचारात सापडतो. M शून्य ते π यांमध्ये असता त्या टापूत वक्र वर उघडलेल्या वाटीसारखा वाकतो. म्हणून उत्तराच्या पलीकडून, चूक धन असेल तेथून निघावे: प्रत्येक स्पर्शिका उत्तराकडेच उतरते, त्याला ओलांडत नाही. π हा असा आरंभ नेहमीच सुरक्षित. M + e हाही, तो π पेक्षा कमी असेल तर. कारण ज्या एकाहून मोठी होत नाही. दोहोंतील लहान तो घ्यावा.

आमच्या उदाहरणात १.१६७ पासून निघून आम्हांस १.०४२, १.०२८ असे आकडे मिळाले. तिसऱ्या पायरीस तो स्थिरावला. पायऱ्या सतत उतरत्याच असतात. एखादा आकडा मध्येच ठळकपणे वर गेला, तर पद्धतीला दोष न देता रेडियनऐवजी अंश तर घातले नाहीत ना, हे आधी पाहावे. M हा π पेक्षा मोठा असेल, तर 2π − M साठी गणित करून उत्तर 2π मधून वजा करावे.