चौथ्या मुलाच्या जागी बसणारा पाहुणा

मागच्या व्याख्यानानंतर एक श्रोते थांबले होते. मुंबईत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला मैत्रिणीच्या घरी सणाच्या रात्री जेवायला बोलावलं आहे. घर बेने इस्राएल ज्यूंचं, म्हणजे आपल्याच कोकणातल्या माणसांचं. आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. सण वल्हांडणाचा, इब्रीत ‘पेसाह’. त्यांनी विचारलं, “पोरगी काय घेऊन जाईल? आणि ताटात असतं तरी काय?” प्रश्न साधा वाटला, पण उत्तराला बसलो तेव्हा त्यात आमच्या किनाऱ्याचा दोनशे वर्षांचा इतिहास निघाला. आज तोच सांगतो.

आधी तिथी. वल्हांडणाची रात्र निसान महिन्याच्या पौर्णिमेला येते. ज्यूंचे महिने आपल्यासारखेच चंद्राचे आणि वर्ष अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेलं, म्हणून ती बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे पडते. २०२५ साली तर १२ एप्रिलला हनुमान जयंती आणि वल्हांडणाची पहिली रात्र एकाच दिवशी आली. या दिवसांत देवगडचा हापूस उतरलेला असतो, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळतं: अख्खी फळं न्यावीत. पाव, बिस्किटं, केक नेऊ नये. आठ दिवस त्या घरात खमिराचं काही ठेवत नाहीत. सणाआधी घर झाडून शेवटचा कणही काढलेला असतो. पेढेही नकोत, कारण जेवणात मटण असेल आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. आपला मालवणी खाजा बेसनाचा, त्यात गहू नाही हे खरं. पण तो कुठल्या कढईत तळला, शेजारी काय तळलं होतं, हे यजमानाला कसं कळणार? अख्ख्या आंब्याबद्दल असा प्रश्न पडत नाही.

आता ताट. ते जेवायचं ताट नाही, आणि नैवेद्यही नाही. ते दाखवायचं ताट आहे. त्यात भाजलेलं हाड असतं, भाजलेलं अंडं असतं, कडू पाला असतो (त्याला ‘मारोर’ म्हणतात), ‘हारोसेत’ नावाचं गोड लपथपीत मिश्रण असतं आणि थोडी हिरवी पानं असतात. शेजारी मिठाचं पाणी आणि कापडाखाली तीन ‘मात्सा’, म्हणजे बेखमीर भाकऱ्या. पीठ पाण्याला लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजली गेली पाहिजे. त्यापुढे पीठ आंबू लागलं असं धर्मशास्त्र मानतं. हाताळणी थांबली की मात्सा गेली.

हाडाला कुणी हात लावत नाही. यरुशलेमचं मंदिर उभं होतं तोवर या रात्री कोकरू कापून भाजून खात. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, बळी बंद झाला, आणि जेवणाच्या जागी त्याची खूण उरली. अंडं ही सणाच्या दुसऱ्या बळीची खूण. बाकीचे पदार्थ मात्र तोंडात जातात. कडू पाला मिसर देशातल्या गुलामीचा. हारोसेत त्याच गुलामांनी विटांसाठी मळलेल्या चिखलाचं. युरोपातले ज्यू ते सफरचंद-अक्रोडाचं करतात. बेने इस्राएल घरांत ते खजुराचं: खजूर शिजवून, गाळून, आटवून. रंगानं ते चिखलाच्या जास्त जवळ जातं, असं आमचं मत.

‘सेदेर’ या शब्दाचा अर्थच क्रम. रात्रीचे पंधरा टप्पे ठरलेले आहेत. सगळे मोजत बसत नाही, पाहुण्याला लागतील तेवढे सांगतो. सुरुवात द्राक्षरसाच्या पहिल्या पेल्यानं. रात्रीत असे चार पेले, आणि प्रत्येक पेला लहान मापानं धरला तरी सुमारे ८६ मिलीलिटरचा. कोकणात दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत वापरण्याची जुनी रीत आहे. तेव्हा पाहुणीनं घाबरू नये. मग हात धुऊन हिरवं पान मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. पाहुण्याला वाटतं, चला, जेवण सुरू झालं. तसं नसतं! एवढंसं पान देऊन थांबतात. यजमान मधली मात्सा मोडतो, मोठा तुकडा फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवतो, आणि वाचन सुरू होतं. ते तासभर सहज चालतं. म्हणून दुपारचं जेवण नीट करून जावं.

हे पान बुडवायचं कशासाठी? मुलानं विचारावं म्हणून. एरवी जेवणाआधी कुणी पाला पाण्यात बुडवत नाही, आज का? घरातलं सगळ्यात धाकटं मूल उठून विचारतं की ही रात्र वेगळी का, आणि उत्तर म्हणून मिसरमधून सुटकेची हकिगत सांगायची. या वाचनाचं पुस्तक म्हणजे ‘हग्गादा’. शब्दाचा अर्थच ‘सांगणं’. त्यात चार प्रकारच्या मुलांची गोष्ट आहे: शहाणा, वाकडा, भोळा, आणि चौथा, ज्याला विचारायचं काय हेच कळत नाही. त्याच्यासाठी सूचना अशी की त्याच्या प्रश्नाची वाट न पाहता तूच सांगायला लाग. पहिल्यांदा आलेला पाहुणा हा तो चौथा मुलगा. त्यात कमीपणा नाही. त्याच्यासाठी जागा पुस्तकातच ठेवलेली आहे.

आता आमचा खरा मुद्दा. दोनशे वर्षांमागे त्या जागेवर खुद्द कोकणातले बेने इस्राएल बसले होते.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते तेलाच्या घाण्यावर बसले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ साली. त्यांच्या मते हे लोक इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आले. काळाबद्दल विद्वानांचं एकमत नाही, आणि आम्हीही तो वाद इथं सोडवणार नाही. पण परंपरा खरी धरली तर एक गोष्ट ओघानं येते. सेदेरचा आजचा साचा मंदिर पडल्यानंतर घडला. त्याचे नियम ‘मिश्ना’ या ग्रंथात आहेत आणि तो इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झाला. म्हणजे हे लोक नवगावला उतरले तेव्हा हग्गादा अस्तित्वातच नव्हता. विसरले असं म्हणण्यापेक्षा, त्यांच्याकडे तो कधी नव्हताच.

मग या दिवशी ते करत काय? केहिमकरांनी नोंदवलेलं जुनं नाव आहे ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट द्रवाचं भांडं झाकण्याचा सण. मालवणी माणसाला हे नाव ऐकून थबकायला हवं. आमची रोजची भाकरी तांदळाची. ज्यूंच्या शास्त्रात खमीर होणारी धान्यं पाच. गहू आणि जव त्यात येतात, तांदूळ येत नाही. तेव्हा भातावर आणि तांदळाच्या भाकरीवर जगणाऱ्या गावाला ‘खमिराची भाकर खाऊ नका’ ही आज्ञा जवळजवळ पोकळच. आमच्याकडे आंबतं ते पीठ आंबोळीचं, आंबट असते ती स्वयंपाकघरातली मडकी. आम्हाला वाटतं, आज्ञा भाकरीवरून सरकून मडक्यावर आली. हा आमचा तर्क आहे, पुरावा नाही. पण आंबवणं थांबवायचं एवढं मात्र नावानं धरून ठेवलं.

काही बेने इस्राएल घरांत कोकराच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवतात आणि तो दारावर लावतात. मिसरमध्ये दाराच्या चौकटीला रक्त लावल्याची कथा तोरामध्ये आहे, तिच्याशी हा पंजा थेट जुळतो. हग्गाद्याच्या वाचनात मात्र तो नाही. एवढ्यावरून रीत किती जुनी हे ठरवता येत नाही. असे मोह इतिहासलेखनात टाळलेले बरे.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांनी मराठीतून इब्री शिकवायला सुरुवात केली, आणि १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर हग्गादा छापला गेला: इब्री मजकूर आणि त्याचं मराठी भाषांतर. १८७४ मध्ये पुण्यात दुसरा निघाला, चित्रांसह. त्यातल्या एका चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करताना दिसतात. बाकी चित्रांवर युरोपची छाप आहे; हे एक चित्र आमच्या परसातलं.

कुणी म्हणेल, ही मग उसनी आठवण झाली. छापील पुस्तकातून शिकलेली आठवण आपली कशी? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर आम्हाला त्या वाचनाच्या सुरुवातीलाच सापडलं. मात्सा उचलून भुकेल्याला घरात बोलावणारा जो उतारा आहे, तो इब्रीत नाहीच. तो अरामीत आहे, त्या काळच्या रोजच्या बोलीत. म्हणजे हग्गाद्यानं स्वतःच पवित्र भाषा बाजूला ठेवून ऐकणाऱ्याची भाषा घेतली होती. १८४६ च्या मराठीनं तेच केलं. आणि नियम तर असा की प्रत्येकानं, आपण स्वतः मिसरमधून निघालो असं समजावं. जो कुणी हे करतो तो, तीन हजार वर्षांनी जन्मलेला यरुशलेमचा असो की रेवदंड्याचा, ऐकलेलीच गोष्ट आपली करतो. न ऐकता आलेली आठवण तिथं कुणाकडेच नाही.

मुलीकडे परत येऊ. वाचनात दहा पीडांची नावं येतील तेव्हा प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बाहेर काढतात. शत्रू बुडाला तरी त्याच्या दुःखानं आपला पेला उणा झाला, असा त्याचा एक अर्थ सांगतात. ते थेंब चाटायचे नाहीत. मग दुसऱ्यांदा हात धुणं, मात्सा, मग कडू पाला हारोसेतमध्ये बुडवून. इथं नवखा माणूस गोडाचा मोठा घास घेतो. गोड फक्त लागेल एवढंच, कडू जाणवलं पाहिजे. त्यानंतर दोन्ही मात्सात धरून खातात, आणि मग खरं जेवण: मटण, भात, नारळाच्या रसातलं कालवण.

पोट भरलं तरी एक जागा ठेवावी. फडक्यात ठेवलेला तो तुकडा, त्याला ‘अफिकोमान’ म्हणतात, जेवणानंतर सगळ्यांत वाटतात. काही घरांत तो मुलं लपवतात आणि बक्षीस घेतल्याशिवाय देत नाहीत. तो खाल्ला की त्या रात्री आणखी काही खायचं नाही. उरलेले दोन पेले तेवढे प्यायचे. त्या रात्रीची शेवटची चव कोरड्या मात्साचीच असावी, असा नियम आहे. तेव्हा नेलेले हापूस जेवणासोबत कापले तर ठीक, नाहीतर यजमान ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवतील. तिनं वाईट वाटून घेऊ नये.