गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र : सेवा कोसळल्यावर ग्राहकांना काय सांगावे?

१/
३१ जानेवारी २०१७. युटीसी प्रमाणवेळेनुसार रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जगभरातील प्रोग्रामर ज्या सेवेवर आपला कोड साठवीत, त्या गिटलॅबचा एक अभियंता डेटाबेसच्या दुरुस्तीत गुंतला होता. संध्याकाळपासून स्पॅमचा भार वाढला होता. मुख्य डेटाबेसची प्रतिकृती सांभाळणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला होता आणि काही केल्या मुख्य सर्व्हरशी जुळेना.

२/
दुय्यम सर्व्हरवरील डेटाची निर्देशिका पूर्ण रिकामी नसावी आणि म्हणून नवी प्रत सुरू होत नसावी, असा त्याचा तर्क होता. त्याने ती पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांतच त्याच्या ध्यानी आले की ही आज्ञा `db2` या दुय्यम सर्व्हरवर नव्हे, तर `db1` या मुख्य सर्व्हरवर चालली आहे. २३:२७ वाजता त्याने ती थांबवली. सुमारे ३१० जीबी डेटापैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

३/
आता ग्राहकांना काय सांगायचे? ट्विटरवरील @gitlabstatus या खात्यावरून गेलेली निवेदने क्रमाने वाचली की एक लक्षणीय बदल दिसतो. आरंभीच्या निवेदनात डेटाबेसच्या तातडीच्या देखभालीचा उल्लेख होता. त्यानंतर डेटाबेसमध्ये अडचण असल्याचे सांगण्यात आले. अखेरीस मात्र कंपनीने स्पष्ट लिहिले की प्रत्यक्ष वापरातील डेटा चुकून पुसला गेला आहे आणि कदाचित तो बॅकअपमधून परत आणावा लागेल.

४/
‘देखभाल’ आणि ‘चुकून पुसला’ या दोन शब्दप्रयोगांत मोठे अंतर आहे. देखभाल म्हटले की ग्राहक निर्धास्तपणे वाट पाहतो. डेटा पुसला गेला हे कळताच तो आपल्या संगणकावरील प्रत जपून ठेवतो, सहकाऱ्यांना सावध करतो आणि दुपारी केलेल्या कामाची नोंद शोधू लागतो. पहिल्या शब्दाने त्याला स्वस्थ बसवले असते. दुसऱ्याने त्याच्या हाती काही करण्याजोगे दिले.

५/
त्या निवेदनासोबत एका गूगल डॉकचा दुवाही होता. दुरुस्ती करणारे अभियंते ज्यात आपली टिपणे लिहीत होते, तोच दस्तऐवज जगासाठी खुला करण्यात आला. पुढे यूट्यूबवर दुरुस्तीचे थेट प्रक्षेपणही झाले आणि एका टप्प्यावर सुमारे ५००० लोक ते पाहत होते. त्या टिपणांत एक कबुलीही होती : बॅकअपच्या व प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती, काही तर मुळात सुरूच केलेल्या नव्हत्या.

६/
यांपैकी एका पद्धतीची कहाणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. `pg_dump` या साधनाने ठरावीक काळाने प्रत काढून ती ॲमेझॉनच्या एस३ साठवणुकीत ठेवायची, अशी योजना होती. परंतु डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि चालवले जाणारे साधन मात्र ९.२ चे. त्यामुळे प्रत्येक प्रयत्न फसत होता. अपयशाची सूचना ईमेलने जात असे. पण त्या ईमेल डीमार्कच्या निकषांत बसत नसल्याने समोरचा सर्व्हर त्या नाकारत होता. साठवणूक रिकामी होती आणि कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

७/
म्हणजे ग्राहकांना निवेदने देण्याच्या कितीतरी आधी गिटलॅबचे स्वतःचे निवेदन हरवले होते. सूचना आली नाही, म्हणून सारे आलबेल आहे असे मानले गेले. सेवाखंडाच्या वेळी ग्राहकही नेमका असाच फसतो. दोन तास निरोप आला नाही, तर दुरुस्ती सुरळीत चालली आहे की निरोप देणाराच अडकला आहे, हे त्याला बाहेरून ओळखता येत नाही. ‘पुढील निवेदन अमुक वाजता’ ही ओळ त्यासाठीच लिहितात. वेळ टळून गेली की त्या शांततेलाही अर्थ येतो. म्हणूनच नवीन काही घडले नसेल, तरी ठरल्या वेळी तसे सांगणे आवश्यक ठरते.

८/
गिटलॅबला वाचवले ते एका योगायोगाने. त्याच दिवशी १७:२० वाजता एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने घेतला होता. तोच आता मुख्य सर्व्हरवर न्यायचा होता. परंतु ज्या डिस्कवर तो होता त्या संथ होत्या. या दीर्घ प्रतीक्षेत प्रत कुठवर आली याचे टक्के वेळोवेळी जाहीर होत राहिले. दोन आकड्यांमधील अंतर पाहून उरलेल्या वेळेचा अंदाज कोणालाही बांधता येत होता. खोट्या आशेचे वचन त्यासाठी द्यावे लागले नाही.

९/
१ फेब्रुवारीला १८:१४ च्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. हानीचा हिशेबही ग्राहकाच्या भाषेत मांडला गेला. १७:२० नंतर मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये झालेले बदल गेले होते. त्यात सुमारे ५००० प्रकल्प, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती होती. मात्र कोडची भांडारे व विकी डेटाबेसबाहेर असल्याने सुरक्षित राहिले. ‘माझा कोड गेला का?’ या प्रत्येकाच्या पहिल्या प्रश्नाला असे थेट उत्तर मिळाले.

१०/
या मोकळेपणालाही मर्यादा होती. आरंभीच्या टिपणांत त्या अभियंत्याची आद्याक्षरे होती. नंतरच्या अहवालात त्याच्या जागी केवळ ‘टीम सदस्य १’ असा उल्लेख आला. काय घडले हे ग्राहकाला हवे असते. कोणाच्या हातून घडले, याने त्याचे काही अडत नाही. शिवाय उत्तम निवेदनांनी गेलेला डेटा परत आला नाही. त्या सुमारे पावणेसात तासांतील काम ज्याचे त्याला पुन्हा करावे लागले.

११/
चारच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, ॲमेझॉनची एस३ सेवा कोसळली. एका आज्ञेतील चुकीच्या मूल्यामुळे हव्या त्याहून अधिक सर्व्हर हटवले गेले होते. बिघाड पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ९:३७ ला सुरू झाला. पण स्थितिफलकावरील सेवांची चिन्हे ११:३७ पर्यंत बदलता आली नाहीत, कारण तो फलक चालवणारी यंत्रणाच एस३ वर विसंबून होती. त्या दोन तासांत ॲमेझॉनला ट्विटरचा आणि फलकावरील मजकुराच्या पट्टीचा आधार घ्यावा लागला.

१२/
गिटलॅबच्या नाकारल्या गेलेल्या ईमेल आणि ॲमेझॉनची न बदललेली चिन्हे यांचा दोष एकच होता. बिघाडाची वार्ता देणारी वाट त्या बिघाडाच्या काळात चालते का, हे आधी कोणी तपासले नव्हते. ॲमेझॉनने त्यानंतर फलकाची यंत्रणा एकाहून अधिक प्रदेशांतून चालेल अशी केली. गिटलॅबने त्या रात्री निवडलेली ट्विटर, गूगल डॉक आणि यूट्यूब ही तिन्ही ठिकाणे मात्र `db1` वर अवलंबून नव्हती. म्हणूनच डेटाबेस रिकामा असतानाही ग्राहकांपर्यंत शब्द पोहोचत राहिले.

(समाप्त)